स्टेरॉइडने वाढलेलं वजन: ते पाणी आहे की चरबी हे आधी बघा, डाएटचं नंतर

मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, आणि तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो. मी आहारतज्ज्ञ आहे, संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांचे पेशंट माझ्याकडे जास्त येतात, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटलीय असे. त्यातल्या बऱ्याच जणांना प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असते. चार महिन्यांत सहा-आठ किलो वाढलेले असतात, चेहरा गोल झालेला असतो, ब्लाउज होत नाहीत, आणि मग विचारतात, मॅडम, मी ते इंजेक्शन घेऊ का? नाहीतर रात्रीचं जेवण बंद करू का? आणि काही जण हळू आवाजात सांगतात की मी गोळी अर्धी केलीय, डॉक्टरांना सांगितलं नाहीये.

ह्या तिसऱ्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून लिहायला बसले. इंजेक्शनचं उत्तर पुढे देतेच, पण ते कळायला आधी गोळी शरीरात काय करते ते बघावं लागेल.

गोळी नेमकं काय करते

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवते. हे पहाटे जास्त असतं आणि रात्री कमी. बीपी टिकवणं, उपाशी असताना साखर पडू न देणं, ताप-ऑपरेशनसारख्या ताणात शरीराला उभं ठेवणं ही त्याची कामं. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट ही सगळी त्याच कॉर्टिसॉलची जास्त जोरदार भावंडं. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली, 1950 ला त्या कामाला नोबेल मिळालं. आजही लुपस, म्हणजे त्वचा-सांधे-किडनीवर उलटणारा ऑटोइम्यून आजार, त्वचेवर फोड आणणारा पेम्फिगस, किडनीचे काही आजार यांत ही गोळी जीव वाचवते, किडनी वाचवते. म्हणजे हे औषध वाईट म्हणून सोडून द्यायचं नाहीये.

शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण 4 ते 6 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं भरतं. आता डॉक्टरांनी 30 मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे शरीराला पाच-सहा पट कॉर्टिसॉल मिळतंय, आणि मग ते हार्मोन एरवी जे मापात करतं ते सगळं मापाबाहेर व्हायला लागतं. किडनी मीठ धरून ठेवते, मिठामागे पाणी राहतं. भूक वाढते, आणि ती नुसती पोटाची भूक नसते, तळलेलं-गोड-चमचमीत खावंसं वाटतं, विशेषतः दुपारनंतर. चरबी हातापायांवर न साठता पोटावर, गालांवर, मानेच्या मागे साठते. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे स्नायू झिजतात, मांड्यांचे आणि खांद्यांचे सगळ्यात आधी, कारण शरीर स्नायूंतलं प्रोटीन मोडून साखर करत बसतं.

म्हणजे काट्यावर जो आकडा दिसतो त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पाणी वाढलंय, चरबी वाढलीय आणि स्नायू घटलेत. तिघांवरचा उपाय वेगळा आहे, आणि सरसकट "कमी खा" म्हटलं की तिसरी गोष्ट अजून बिघडते.

एक उदाहरण मांडून बघू

समजा एक 34 वर्षांची बाई आहे, उंची 155 सेंटिमीटर, वजन 58 किलो. लुपस निघाला, 30 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं. बाराव्या दिवशी काट्यावर 61.5. ती घाबरते, म्हणते बारा दिवसांत साडेतीन किलो चरबी चढली, आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त काकडी आणि ताक.

आता हिशोब करा. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने 7700 कॅलरी जास्तीच्या लागतात. साडेतीन किलोला जवळपास 27,000. बारा दिवसांत भागलं तर रोजच्या गरजेपेक्षा 2250 कॅलरी जास्त खायला हव्यात, म्हणजे नेहमीचं जेवण दुपटीच्याही वर. एवढं कुणी खात नाही. म्हणजे ह्यातलं बरंचसं पाणी आहे. पाहायची सोपी पद्धत आहे, संध्याकाळी नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा आणि सोडायचा. खळगा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे. सकाळी अंगठी घट्ट होणं, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उशिरापर्यंत राहणं, ही पण पाण्याचीच लक्षणं.

पण लुपसमध्ये इथे एक मोठा पण आहे. लुपस स्वतः किडनीला धरतो आणि किडनीतून प्रोटीन गळायला लागलं की त्यानेही सूज येते. त्यामुळे "स्टेरॉइडची सूज असेल" असं घरीच ठरवायचं नाही, लघवीला फेस येतोय का बघायचं आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, आडवं झालं की धाप लागते, पाय एकदम सुजले, तर आहारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तिची लघवीची तपासणी नॉर्मल आली असं धरू. मग मिठाचं बघायचं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटी-भाकरीतलं सगळं आलं. आपल्याकडे मीठ खरं लपतं ते लोणचं, पापड, फरसाण, चटणी, मसाला ताक, ब्रेड आणि बाहेरच्या शेवपुरीत. हे बाजूला ठेवलं की बऱ्याचदा पंधरा दिवसांत अंगठी सैल होते. बाजारात जे "लो सोडियम" मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय आणू नये, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तीन महिन्यांनी डोस 12.5 वर आला, वजन 64, कंबर 76 वरून 86 सेंटिमीटर. पायाला खळगा पडत नाही. आता हे मात्र बहुतेक चरबीचं आहे, भारतीय बायकांसाठी कंबर 80 च्या वर गेली की जोखीम वाढते असं धरतात, पुरुषांसाठी 90. आणि मी तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं तर ती दोनदा उठते आणि तिसऱ्यांदा हात टेकते. घरी विचारलं तर सांगेल की जमिनीवरून उठताना आधार लागतो, बस चढताना पाय उचलत नाही. तो स्नायूंचा भाग. म्हणजे काट्यावर सहा किलो वाढलेत पण चरबी त्याहून जास्त वाढलीय, कारण स्नायूंची घट त्यात झाकली गेलीय. म्हणूनच मी काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवते.

मग गोळीच कमी केली तर?

हे स्वतःच्या मनाने अजिबात करायचं नाही आणि का ते नीट समजून घ्या. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करते, कधी जवळजवळ थांबवते. वाड्यात रोज टँकर यायला लागला म्हणून विहिरीचा पंप वर्षभर बंद ठेवला, आता टँकर एकदम थांबवला तर पंप बटण दाबल्या दाबल्या पाणी उचलत नाही, तसंच हे. ग्रंथी जागी व्हायला आठवडे लागतात, काहींना महिने लागतात. मधल्या काळात शरीरात कॉर्टिसॉलच नाही. प्रचंड थकवा, मळमळ, उलट्या, बीपी पडणं, साखर पडणं, चक्कर, आणि वेळेत इलाज झाला नाही तर जीवावर बेततं. शिवाय दाबलेला आजार उसळतो तो वेगळाच, आणि मग डॉक्टरांना पहिल्यापेक्षा जास्त डोस द्यावा लागतो, म्हणजे वजनासाठी केलं आणि वजनच वाढलं.

डोस कमी करण्याचा खरा रस्ता डॉक्टरांच्या केबिनमधून जातो. तिथे सरळ विचारा: माझा आजार आत्ता किती आटोक्यात आहे, हा डोस कधी आणि कुठपर्यंत उतरवायचा प्लॅन आहे, आणि स्टेरॉइडची गरज कमी करणारं दुसरं औषध माझ्यासाठी चालेल का. अशी औषधं आहेत, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, ती हळूहळू काम करतात पण स्टेरॉइड उतरवायला जागा करून देतात. त्यांचे स्वतःचे त्रास आहेत, काही प्रेग्नन्सीत चालत नाहीत, ते पण तेव्हाच विचारून घ्या. माझा अनुभव आहे की "वजन वाढतंय" एवढं म्हटलं की डॉक्टर "स्टेरॉइड आहे, होणारच" म्हणून पुढे जातात, पण "वजन वाढल्यामुळे मला गोळी सोडावीशी वाटतेय" असं खरं सांगितलं की पेन खाली ठेवून ऐकतात.

उपास, कीटो, काकडी-ताक का चालत नाही

शरीर आधीच स्नायू मोडतंय. त्यात खाणं एकदम अर्ध्यावर आणलं तर ते अजून मोडतं, काटा खाली येतो आणि पोट तिथेच राहतं. डायबिटीसची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर लांबलेल्या उपासात साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

साखरेवरून एक गोष्ट जी फार निसटते. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर दुपारी आणि संध्याकाळी वाढवतं, रात्रीतून ती उतरते, त्यामुळे उपाशीपोटीचा रिपोर्ट छान 92 येतो आणि सगळे निर्धास्त. तिचीच साखर जेवणानंतर दोन तासांनी किंवा संध्याकाळी पाचला बघितली तर 210 निघू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारताना नुसतं "शुगर तपासू का" असं न विचारता "दुपारच्या जेवणानंतरची तपासू का" असं विचारा. 200 च्या वर आकडा आला तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता कळवा.

तर तिने करायचं काय? माझं मत असं आहे की डोस 15-20 च्या वर असेपर्यंत वजन "वाढू न देणं" हेच ध्येय ठेवावं, त्या काळात उतरवायच्या मागे लागलं की भुकेशी रोज मारामारी होते आणि माणूस खचतो. डोस 10 च्या आसपास आला की मग रोज 300-400 कॅलरीची छोटी तूट पुरते. 400 ची तूट महिनाभर टिकली तर साधारण दीड किलो चरबी, त्याहून जास्तीची घाई नको.

ती तूट कुठून काढायची हे शोधायला मी आठवडाभर खाल्लेलं वेळेसकट लिहून आणायला सांगते. ह्या पेशंट्समध्ये बहुतेक वेळा दुपारी चार ते सात हीच वेळ निघते. नाश्ता-जेवण नीट असतं, पण संध्याकाळी दोन मुठी फरसाण, चहाबरोबर चार बिस्किटं, स्वयंपाक करता करता शेंगदाणे-गूळ. 50 ग्रॅम फरसाण म्हणजेच 270 च्या आसपास कॅलरी आणि वर मीठ. भूक खरी आहे, औषधाची आहे, तिला शिस्तीने मारता येत नाही, म्हणून त्याच वेळी पोटभर काहीतरी ठेवायचं. चारला वाटीभर मटकीची उसळ कांदा-टोमॅटो घालून, किंवा दोन उकडलेली अंडी, किंवा पनीर आणि काकडी. रात्री भाकरी दोनाची एक पण डाळ घट्ट आणि वाटीभर जास्त. दिवसभरात किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्त प्रोटीन, तिच्या मूळ वजनाने धरलं तर 60-65 ग्रॅम, आणि ते तीन-चार वेळांत विभागून. पण हा आकडा किडनी ठीक असेल तरच, म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघितल्याशिवाय प्रोटीन पावडरचा डबा उघडू नका.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, रात्री घेतली तर झोप उडते आणि जागरणात परत खाणं होतं. डॉक्टरांनी डोस दोनदा विभागून दिला असेल तर वेळ स्वतः बदलू नका, विचारा.

व्यायाम चालेल का, हाडं ठिसूळ होतात म्हणतात

होतात, आणि सगळ्यात जलद पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, म्हणजे लोक जेव्हा जोशात व्यायाम सुरू करतात नेमकं तेव्हाच. म्हणून हाडांची तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन कधी करायचा आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डी किती घ्यायचं हे आधी विचारायचं. चालणं चांगलंच आहे, पण फक्त चालण्याने मांड्या परत येत नाहीत, त्याला ताकदीचा व्यायाम लागतो. सुरुवात खुर्चीवरून उठ-बस करण्याने, आज पाच, जमतील तशा दहा, मग दोन वेळा. भिंतीला हात टेकून पुशअप. हाडं कमजोर निघाली तर जोराने पुढे वाकणं, पाठ गोल करून वजन उचलणं, पोटाचे क्रंचेस टाळायचे, मणका दबू शकतो. अचानक पाठीत कळ आली, किंवा जांघेत दुखायला लागलं आणि चालताना लंगडायला होतंय, तर व्यायाम थांबवून दाखवा, स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो आणि ते लवकर सापडलेलं बरं.

जिममधली पोरं स्टेरॉइडने स्नायू वाढवतात की

ते वेगळं स्टेरॉइड. ते टेस्टोस्टेरॉनसारखं असतं, स्नायू बनवतं, आणि त्याचे धोके वेगळे. प्रेडनिसोलोन नेमकं उलट करतं. नाव एक आहे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून जिममधलं काही घेऊ नका.

दम्याचा पंप पण स्टेरॉइडचा असतो, पण तो मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट फुप्फुसात. नेहमीच्या डोसला त्याने असं वजन वाढत नाही, तो ह्या भीतीने बंद करू नका.

वजन वाढवणारी औषधं अजूनही आहेत, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, इन्शुलिन, पायोग्लिटाझोन. नियम तोच, स्वतः थांबवायचं नाही, व्हॅल्प्रोएट एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. पण ह्यातल्या बऱ्याच औषधांना कमी वजन वाढवणारा पर्याय असू शकतो, त्यामुळे तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी, कुठली कधी सुरू झाली आणि तेव्हा वजन किती होतं हे एका कागदावर लिहून न्या. तारखा समोर असल्या की वाढ कुठल्या गोळीपासून सुरू झाली ते डॉक्टरांना पटकन दिसतं.

आता ते इंजेक्शन

स्टेरॉइड चालू आहे म्हणून सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड देताच येत नाही असं नाही, काहींना डॉक्टर देतातही, विशेषतः साखर पण वाढली असेल तर. पण आधी काही गोष्टी बोलायला हव्यात. पहिली म्हणजे ह्या इंजेक्शनने मळमळ-उलट्या होतात, आणि ज्यांची अ‍ॅड्रिनल झोपलेली आहे त्यांची गोळीच उलटून पडली तर ते वर सांगितलेल्या संकटाच्या दारात उभे राहतात. त्यामुळे इंजेक्शन सुरू करायच्या आधीच ठरवून घ्या की गोळी उलटली तर किती वेळात परत घ्यायची आणि कधी सरळ दवाखान्यात जाऊन स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं. मी पेशंटना पाकिटात चिठ्ठी ठेवायला लावते, "मी अमुक महिन्यांपासून प्रेडनिसोलोन घेते, डोस इतका", कारण बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही.

दुसरं, ह्या इंजेक्शनने जे वजन उतरतं त्यात स्नायूही जातात, म्हणून प्रोटीन आणि उठ-बस हे दोन्ही त्याच्याबरोबर हवेतच. तिसरं, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर कुणाला झाला असेल, किंवा बाळाचा विचार चालू असेल तर ते विचारायची वाट न बघता आपणहून सांगायचं. आणि ज्या पेशंटचा डोस येत्या तीन महिन्यांत 5 वर येणार आहे तिने थोडं थांबून बघावं असं मला वाटतं, कारण भूक डोसबरोबर उतरते.

गोळी बंद झाली की सगळं आपोआप उतरेल ना?

काही उतरतं, काही नाही. पाणी सगळ्यात आधी जातं. चेहऱ्याची गोलाई डोस कमी झाल्यावर काही महिन्यांत जाते, आणि ती जाताना फोटोत आधी दिसते, आरशात नाही, म्हणून महिन्याला एक फोटो काढून ठेवा. मांड्यांची ताकद परत येते पण व्यायाम केला तर लवकर. पोटावरची चरबी मात्र आपोआप जात नाही, ती खाण्या-हालचालीच्या हिशोबानेच जाते आणि त्याला वेळ लागतो.

आणि डोस कमी होऊन बरेच महिने झाले तरी चेहरा तसाच गोल, अंगावर जांभळट पट्टे, त्वचा पातळ, थोडं लागलं तरी काळं-निळं पडतं, असं असेल तर मी एकच गोष्ट खोदून विचारते: अजून काय घेताय? सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या, "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकलेल्या गोळ्या, ह्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. गजकर्णासाठी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने लावलेली जोरदार क्रीम पण त्वचेतून आत जाते. पुडी, डबी, ट्यूब जे असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. तीही एकदम बंद करायची नाही, त्यातही स्टेरॉइड असेल तर शरीराला तेच सवयीचं झालेलं असतं, आणि सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून डॉक्टर ठरवतील की ती कशी सोडवायची.